९१ दिवसांचं ट्रेझरी बिल एकच, दर मात्र चार. खरा कुठला?

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. जानेवारीत रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं काढून पहिल्यांदाच ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल घेतलं. दर्शनी किंमत २ लाख. मला ते १०० ला ९८.४० या भावाने मिळालं, म्हणजे खिशातून गेले १,९६,८०० आणि एप्रिलमध्ये येणार २,००,०००. फायदा ३,२००. (हिशेबाला सोपा पडावा म्हणून भाव गोल केलाय, एखाद-दोन पैसे इकडेतिकडे.)

इथवर सगळं स्वच्छ. आता गंमत बघा. मी तोंडी हिशेब केला तो असा: २ लाखांवर ३,२०० म्हणजे १.६ टक्के, वर्षात अशा चार तिमाह्या, म्हणून ६.४० टक्के. मुलाने एक्सेलमध्ये `TBILLYIELD` नावाचं फंक्शन वापरलं, त्याला ६.४३ आलं. पोर्टलवर माझ्या बिलासमोर ६.५२ दिसतं. आणि लिलावाच्या दिवशी बातमीत कट-ऑफ ६.५४ असं वाचलं होतं.

चौघांत ०.१४ चा फरक, पैशात फार नाही हे कळतं. पण मेहुणे म्हणतात त्यांच्या बँकेत ९१ दिवसांच्या ठेवीला ६.२५ मिळतं, त्यात ही कटकट नाही. मग मी तुलना नक्की कुठल्या आकड्याशी करायची?

---

नाना_सातारकर

सोपं आहे हो. परत १०० मिळतात, म्हणून १०० वर काढायचं. फक्त तुम्ही चारने गुणलंत ते चुकलं, ९१ चोक ३६४ होतात. ३६५ भागिले ९१ ने गुणा. १.६० गुणिले ३६५ भागिले ९१ म्हणजे ६.४२. हा खरा दर. बाकीचे आकडे माल खपवायला.

---

पेन्शनर_४७

ट्रेझरीचं नाव काढू नका. माझं वैद्यकीय बिल गेले सात महिने ट्रेझरीत पडून आहे. प्रत्येक वेळी नवीन त्रुटी. ३,२०० फायदा कसला, मूळ रक्कम मिळाली तरी पेढे वाटीन. तुमचं बिल तीन महिन्यांत पास होणार असं लेखी दिलंय का कुणी?

---

कृष्णाकाठ

काका, ती ट्रेझरी वेगळी, ही वेगळी. तुमचं बिल जिल्हा कोषागारात आहे. हे बिल म्हणजे केंद्र सरकारने तीन महिन्यांसाठी घेतलेलं उसनं. तुमचं काम लवकर होवो.

---

गुरुवारचा_हिशेब

मी बँकेच्या ट्रेझरी विभागात बावीस वर्षं काढली, आता घरी आहे. थोडं सविस्तर लिहितो.

नानांचं अर्धं बरोबर आहे. ३६५/९१ हे अगदी योग्य. पण भागायचं कशाने, तिथे घसरले. समजा गल्लीतल्या फायनान्सवाल्याकडून तुम्ही वर्षाच्या बोलीने दहा हजार घेतले आणि त्याने हजार रुपये व्याज आधीच कापून हातात नऊ हजार ठेवले. तो सांगेल, 'दहा टक्के फक्त.' पण तुम्ही वापरलेत नऊ हजार, दिलंत हजार. दर पडला ११.११. ट्रेझरी बिलात फायनान्सवाल्याच्या जागी तुम्ही आणि कर्जदाराच्या जागी सरकार, एवढाच फरक. तुम्ही हातचे ९८.४० गुंतवलेत, १०० नाही. म्हणून भागायचं ९८.४० ने.

१.६० भागिले ९८.४० म्हणजे ९१ दिवसांचे १.६२६ टक्के. त्याला ३६५/९१ ने गुणलं की ६.५२. पोर्टलवरचा आकडा हाच आणि ठेवीशी तुलना करायची ती याच्याशीच, कारण ठेवीचं व्याजही तुम्ही भरलेल्या रकमेवर मोजतात.

नानांच्या ६.४२ ला नाव आहे: वटावाचा दर. हुंडीच्या काळापासून चालत आलेला, दर्शनी किमतीवर मोजलेला. तो खोटा नाही, पण तो कमाईचा दर नव्हे. आणि मुदत वाढली की दोन्हींतलं अंतर फुगतं. ३६४ दिवसांचं बिल ९३.९० ला घेतलंत असं धरा. वटाव ६.१०. दर्शनी किमतीवर मोजला तर ६.१२ टक्के, गुंतवलेल्या पैशावर ६.५१. ९१ दिवसांत दहा पैशांची चूक होते, वर्षाच्या बिलात तीच चाळीस पैशांची.

---

नाना_सातारकर

व्यापारी माणूस नफा विक्रीवर धरतो, मी त्या सवयीने गेलो. फायनान्सवाल्याचं उदाहरण मात्र जिव्हारी लागलं. १९९८ साली मीच घेतले होते तसे.

---

न्यूजर्सीकर

एक्सेलच्या ६.४३ चा उलगडा मी करतो, कारण मी इथे अमेरिकेत हीच ठेच खाल्ली आहे. `TBILLYIELD` वर्ष ३६० दिवसांचं धरतं. इथली जुनी रीत ती. १.६२६ ला ३६०/९१ ने गुणा, ६.४३ येतं. तुमच्या मुलाने भाव बरोबर टाकला, तारखा बरोबर टाकल्या, फंक्शन परदेशी निघालं.

इकडे लिलावाच्या निकालात दोन दर छापतात. एक वटावाचा, ३६० दिवसांवर आणि दर्शनी किमतीवर. दुसरा गुंतवणुकीचा, ३६५ वर आणि भरलेल्या पैशावर. १३ आठवड्यांच्या बिलाला वटावाचा दर समजा ४.०० असेल तर भाव येतो ९८.९८८९ आणि गुंतवणुकीचा दर ४.१०. नवखा माणूस पहिला आकडा बघून बँकेच्या सीडीशी, म्हणजे इथल्या मुदत ठेवीशी, तुलना करतो आणि बिल स्वस्तात सोडतो. मी दोन वर्षं तेच केलं.

पण मग भारतातही वटावाचा दर ३६० वरच मोजत असतील ना? मूळ पद्धत इंग्रजांचीच.

---

गुरुवारचा_हिशेब

नाही. ३६० ची रीत अमेरिकेच्या बाजाराची, ब्रिटनमध्येही बिलं ३६५ वरच मोजतात. आपल्याकडे ट्रेझरी बिलाला मोजलेले दिवस आणि ३६५. गंमत अशी की आपल्या दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांना महिना ३० चा आणि वर्ष ३६० चं धरतात, त्यामुळे बिल आणि रोखे दोन्ही घेणारे कायम गोंधळतात. बिलापुरतं ३६५ पक्कं.

एक्सेलमध्येच करायचं असेल तर `B1` मध्ये पैसे वळते झाले तो दिवस आणि `B2` मध्ये मुदतीचा दिवस टाका:

```
=YIELDDISC(B1,B2,98.40,100,3)
=(100-98.40)/98.40*365/(B2-B1)
```

शेवटचा 3 म्हणजे मोजलेले दिवस भागिले ३६५. तो विसरलात तर ते स्वतःहून ३०/३६० धरतं आणि कुठलीच चूक दाखवत नाही. मी तर दुसरी ओळच वापरतो, तिच्यात लपायला जागा नाही. दोन्हींत ६.५२ आलं पाहिजे.

आणि `B1` मध्ये लिलावाचा बुधवार टाकू नका. लिलाव बुधवारी, पैसे आणि बिल यांची अदलाबदल गुरुवारी. बुधवार टाकलात तर ९२ दिवस होतील आणि दर ६.४५ दिसेल. ९१ म्हणजे बरोबर १३ आठवडे, त्यामुळे गुरुवारी सुरू झालेलं बिल गुरुवारीच संपतं. दोन तारखांचे वार वेगळे दिसले की एक तारीख चुकली असं समजा, किंवा मध्ये सुट्टी आली असेल.

---

कृष्णाकाठ

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, 'फंक्शनचं नाव टीबिल होतं, मी कशाला शंका घेऊ?' बरोबरच आहे त्याचं.

६.४०, ६.४३, ६.५२ हे तीन कळले. पण बातमीत ६.५४ होतं ते? दोन पैसे कुणी खाल्ले?

---

गुरुवारचा_हिशेब

कुणी खाल्ले नाहीत. बँका, म्युच्युअल फंड वगैरे मोठी मंडळी लिलावात आपापला भाव सांगतात. जास्त भाव देणाऱ्यापासून सुरुवात करून रक्कम पुरी होईपर्यंत बोल्या स्वीकारत जातात. जिथे थांबतात तो कट-ऑफ, म्हणजे स्वीकारलेला सगळ्यात कमी भाव. भाव सगळ्यात कमी म्हणून दर सगळ्यात जास्त, आणि बातमीत तोच येतो. तुमच्या वेळी कट-ऑफ ९८.३९५० च्या आसपास असेल, त्याचा दर ६.५४.

तुम्ही-आम्ही भाव सांगत नाही, फक्त रक्कम सांगतो. आपल्याला मिळतो तो स्वीकारलेल्या सगळ्या बोल्यांचा भारित सरासरी भाव. तो कट-ऑफपेक्षा किंचित वरच असणार, म्हणून दर किंचित खाली. रिझर्व्ह बँक नंतर सविस्तर निकाल काढते, त्यात हा सरासरी भाव असतो. तो तुमच्या भावाशी पैशा-पैशाला जुळला पाहिजे. बातमीशी जुळवत बसू नका.

---

लेखापाल_ताई

सगळे ६.५२ वर खूश दिसताय म्हणून विचारते. कृष्णाकाठ, तुमच्या बँकेतून पैसे कुठल्या वारी गेले?

---

कृष्णाकाठ

सोमवारी. बोली लावताना त्यांनी अंदाजे भाव धरून थोडे जास्तच घेतले, लिलावानंतर फरक खात्यात परत आला. का?

---

लेखापाल_ताई

कारण बिल गुरुवारी सुरू झालं, तुमचा पैसा मात्र सोमवारपासून बाहेर आहे. तुमच्यासाठी ही गुंतवणूक ९४ दिवसांची. १.६२६ गुणिले ३६५ भागिले ९४ केलंत तर ६.३१. पोर्टल हा आकडा कधीच दाखवणार नाही, आणि त्याने दाखवावा असंही नाही, कारण बिलाचा दर ६.५२च आहे. पण तुमच्या पैशाचा ६.३१.

मेहुण्यांच्या ६.२५ शी रुपयांत तुलना करू. हेच १,९६,८०० सोमवारी ९१ दिवसांच्या ठेवीत टाकले असते तर व्याज साधारण ३,०६७. बिलाचे ३,२००. फरक १३३. पण ठेव सोमवारी सुटली असती आणि पुढचे तीन दिवस पैसा बचत खात्यात अडीच टक्क्याने बसला असता, त्याचे ४१. उरले ९२ रुपये. दोन लाखांवर, तीन महिन्यांत.

पैसे भरताना ते खात्यातून थेट वजा होतात की यूपीआयने खात्यातच अडकवून ठेवतात ते बघा. अडकवलेल्या पैशावर बचतीचं व्याज चालू राहतं. शिवाय बोलीची खिडकी बंद व्हायच्या आधी शेवटच्या दिवशी बोली लावली तर एखादा दिवस वाचतो. मुदत जितकी लहान तितके हे दिवस महाग. ३६४ दिवसांच्या बिलात तेच तीन दिवस पाच-सहा पैशांचेच.

---

मेहुणा_नाही_तरी

म्हणजे मेहुणे बरोबर होते.

---

कृष्णाकाठ

९२ रुपयांनी चूक होते. आज फोन करून सांगतो.

---

चक्रवाढ_चिंतू

तुम्ही सगळे साधं व्याज धरताय. बँकेत तिमाही चक्रवाढ असते. ६.५० च्या ठेवीचे वर्षाला ६.६६ पडतात. मग ६.५२ चं बिल हरलं की.

---

गुरुवारचा_हिशेब

ते वर्षभराच्या ठेवीला लागू. तीन महिन्यांच्या ठेवीला बहुतेक बँका साधंच व्याज देतात, चक्रवाढ व्हायला तिमाही तरी उलटायला हवी ना. म्हणून ताईंनी केली ती तुलना बरोबर: साध्याशी साधं.

वर्षभराच्या ठेवीशी तुलना करायची असेल तर बिलालाही चक्रवाढ द्या. दर तीन महिन्यांनी आलेले पैसे पुन्हा त्याच दराच्या बिलात घातले तर ६.५२ चे वर्षाला ६.६८ होतात. म्हणजे तुमच्या ६.६६ च्या किंचित पुढेच. पण त्या 'तर' वर सगळा डोलारा आहे. ठेवीचा दर बँकेने वर्षभरासाठी बांधून दिलेला असतो, पुढची तीन बिलं कुठल्या भावाने मिळतील हे कुणी बांधून दिलेलं नाही. या आठवड्यात रिझर्व्ह बँकेचं पतधोरण आहे. दर उतरतील असं ज्यांना वाटतं ते ३६४ दिवसांचं बिल घेऊन बसतात, ६.५१ असलं तरी. कारण ९१ दिवसांचे ६.५२ आणि ३६४ दिवसांचे ६.५१ हे शेजारी छापलेले असले तरी एक दर तीन महिने टिकतो, दुसरा वर्षभर.

---

कृष्णाकाठ

आणि मध्येच पैसे लागले तर? मुलीची फी मार्चमध्ये आहे, म्हणून विचारतो.

---

गुरुवारचा_हिशेब

विकता येतं, पण ठेव मोडल्यासारखं नाही. मुदतपूर्व परतफेड सरकार करत नाही, घेणारा शोधावा लागतो, आणि दोन लाखांसारख्या रकमेला घेणारे थोडे असतात. ४५ दिवसांनी विकलंत असं धरा. उरले ४६ दिवस. घेणारा म्हणाला, मला ७ टक्के पडले पाहिजेत, तर तो ९९.१३ च्या जवळपास देईल. तुम्हाला ४५ दिवसांत मिळाले ७३ पैसे, वार्षिक दर ६ च्या आत-बाहेर. तोटा नाही, पण ६.५२ ही नाही. तो आकडा शेवटपर्यंत थांबणाऱ्याचा.

फीचे पैसे यात घालू नका. घातले असतील तर फी दुसरीकडून भरा.

---

आयटीआर_आला_रे

मधेच येतो. हे ३,२०० विवरणपत्रात कुठे दाखवायचे? टीडीएस कापत नाहीत एवढं माहीत आहे.

---

लेखापाल_ताई

मी 'इतर स्रोतांपासून उत्पन्न' मध्ये व्याज म्हणून दाखवते. बिलावर वेगळं व्याज नसतं, वटाव हेच त्याचं व्याज. मुदत एप्रिलमध्ये संपते म्हणून सगळी रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात.

---

दुसरा_सीए

ताई, आदर ठेवून असहमत. रोखा ९८.४० ला घेतला, १०० ला परत दिला, ही भांडवली मालमत्तेची फेड आहे. अल्पकालीन भांडवली नफा. दर दोन्हीकडे स्लॅबचाच, पण ज्याचा शेअर्समधला जुना अल्पकालीन तोटा पुढे ओढलेला आहे तो नफ्याविरुद्ध वळता करता येतो, व्याजाविरुद्ध नाही.

---

लेखापाल_ताई

आणि भांडवली नफा म्हटलं की ३,२०० रुपयांसाठी पेन्शनर माणसाला आयटीआर-१ सोडून आयटीआर-२ भरावा लागतो. मुदतीपर्यंत ठेवलेल्या बिलात नफा कसला, ते ठरलेलंच होतं. मध्येच विकलं तर तुमचं म्हणणं मान्य.

---

दुसरा_सीए

माझ्या एका अशिलाचं नफा म्हणून दाखवलेलं तसंच स्वीकारलं गेलं आहे.

---

लेखापाल_ताई

माझ्या अकरा जणांचं व्याज म्हणून. दोघांनाही कुणी विचारलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

---

कृष्णाकाठ | २८ एप्रिल २०२५

धागा वर काढतो. गेल्या गुरुवारी २,००,००० खात्यात आले, काहीही न करता, मेसेज आला तेव्हाच कळलं. फी भविष्य निर्वाह निधीतून काढून भरली.

तेवढेच पैसे त्याच आठवड्यात पुन्हा लावले. मधल्या काळात रेपो दर दोनदा उतरला, ७ फेब्रुवारीला साडेसहाचा सव्वासहा आणि ९ एप्रिलला सहा. चिंतूंची चक्रवाढ तिथेच बसली, या खेपेला माझं बिल ६ च्या आसपास पडलंय. मेहुण्यांची ठेवही सुटली, त्यांना आता ९१ दिवसांना पावणेसहा सांगतायत.

या वेळी बोली मंगळवारी लावली. म्हणजे ९३ दिवस. नानांसाठी सांगतो, भागताना भरलेल्या रकमेनेच भागलं.

---

नाना_सातारकर

आम्ही ३६४ वालं घेतलं फेब्रुवारीत, धोरण जाहीर व्हायच्या आधी. सुनेने लावून दिलं. फक्त पुढच्या फेब्रुवारीत ते ताईंच्या रकान्यात घालायचं की त्या दुसऱ्या साहेबांच्या, ते आधी ठरवा दोघांनी.

---

पेन्शनर_४७

माझं बिल परवा पास झालं. चौदाशे रुपये कापून.